चार आलेखांतून एक निवडताना: आधी चित्रं वाचा, मग फलन

अकरावी-बारावीच्या गणितात आणि प्रवेश परीक्षांत एक प्रश्न हमखास येतो. एक फलन दिलेलं असतं, खाली चार आलेख असतात आणि त्यांतला बरोबर कोणता ते सांगायचं असतं. कधी चार फलनं आणि चार आलेख देऊन जोड्या लावायला सांगतात. फोंड्याला शिकवणीला येणारी मुलं असोत की डिचोली-वाळपईकडून बसने येणारी, बहुतेकांची पहिली हालचाल एकच असते. पेन्सिल उचलायची आणि x च्या जागी −2, −1, 0, 1, 2 घालून तक्ता करायचा. नववी-दहावीत आलेख असाच काढायला शिकवलेला असतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो.

पण इथे आलेख काढायचाच नाही. तो काढून दिलेला आहे, आपल्याला फक्त ओळखायचा आहे. काढण्याची आणि ओळखण्याची रीत वेगळी असते. या लेखात ती ओळखण्याची रीत सांगतो. आमच्याकडची बरीच मुलं प्राथमिक शाळेत मराठीतून आणि पुढे इंग्रजीतून शिकतात, म्हणून डोमेन, रूट, असिम्प्टोट हे शब्द वर्गात बोलतात तसेच ठेवले आहेत.

पर्याय कसे बनतात

प्रश्न काढणाऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याच्याकडे एक बरोबर आलेख आहे आणि त्याला तीन चुकीचे हवे आहेत. भलतेच आलेख दिले तर प्रश्नात काही उरणार नाही. म्हणून तो बरोबर आलेखाला एकेक धक्का देतो. एकात चिन्ह उलटं करतो, एकात रूट शून्याच्या दुसऱ्या बाजूला नेतो, एकात वर्ग एका कंसावरून दुसऱ्या कंसावर टाकतो. मुलं जिथे चुकतात नेमक्या त्याच जागा तो निवडतो. चार आलेख पुष्कळसे सारखे दिसतात आणि एक-दोन ठिकाणीच वेगळे होतात, ते यामुळे.

म्हणून फलनाकडे पाहण्याआधी चित्रांकडे पाहा आणि ही चार कुठे वेगळी आहेत एवढंच विचारा. त्या जागी फलन काय करतं हे नंतर तपासा. बाकीच्या जागांवर वेळ घालवून उपयोग नाही, कारण तिथे चारही एकसारखेच बोलतात.

साधं उदाहरण घेऊ. फलन आहे

y = (x + 1)(x − 2)²

आणि चार पर्याय असे:

पहिल्यात वक्र डावीकडे खालून येतो, −1 ला x-अक्ष ओलांडतो, वर जाऊन वळतो, 2 ला अक्षाला टेकतो आणि पुन्हा वर जातो. दुसऱ्यात तो −1 ला खालच्या बाजूने टेकतो आणि 2 ला ओलांडतो. तिसरा म्हणजे पहिलाच, पण वरचा खाली केलेला. चौथ्यात ओलांडणं 1 ला आहे आणि टेकणं −2 ला.

आता या चौघांत y-अक्षावर काय घडतं ते पाहा. पहिल्यात वक्र y-अक्षाला मूळबिंदूच्या वर छेदतो. उरलेल्या तिघांत तो खाली छेदतो. म्हणजे एकच प्रश्न पुरे आहे: x = 0 असताना y धन की ऋण? (0 + 1)(0 − 2)² = 4. धन आहे, म्हणून पहिला पर्याय. काम संपलं. आकडासुद्धा नीट काढायची गरज नव्हती, चिन्ह कळलं तरी भागलं असतं.

पण समजा काढणाऱ्याने थोडी जास्त मेहनत घेतली आणि तिसऱ्याच्या जागी y = (x + 1)(2 − x) हा खाली तोंड असलेला पॅराबोला ठेवला. तोही y-अक्षाला वरच छेदतो आणि त्याचीही रूट −1 आणि 2 हीच आहेत. आता y-अक्ष निकाल देत नाही. फरक सरकला आहे तो x = 2 पाशी: एक वक्र टेकून परत फिरतो, दुसरा आरपार जातो.

2 च्या अगदी जवळ (x + 1) ची किंमत साधारण 3 असते, म्हणून आपलं फलन तिथे 3(x − 2)² सारखं वागतं. वर्ग दोन्ही बाजूंना धनच असतो, त्यामुळे वक्र अक्षाला टेकून वर परततो. रूटवरचा घात सम असेल तर वक्र टेकतो, विषम असेल तर ओलांडतो. घात 3 किंवा 5 असेल तर ओलांडताना तो क्षणभर अक्षाला समांतर होतो. ही सपाट चाल आणि साधी तिरपी चाल यांत फरक करायची सवय डोळ्याला लावून घ्या. (x − 2) आणि (x − 2)³ यांच्यातला फरक दाखवणारे पर्याय नेमके याच एका जागेवर उभे असतात.

विकलज काढून कमाल-किमान बिंदू शोधायचा मोह इथे पुष्कळांना होतो. या फलनाचं विकलज 3x(x − 2) येतं. म्हणजे वरचं वळण बरोबर y-अक्षावर, 4 उंचीला आहे. माहिती छान आहे, पण वरच्या दोन्ही प्रश्नांत तिची गरज पडली नाही. विकलज हे महागडं हत्यार आहे. दोन पर्याय केवळ वळणाच्या जागेवरून वेगळे होत असतील तरच ते बाहेर काढा.

स्वस्त प्रश्न आधी

फलनाला विचारायच्या प्रश्नांची माझी एक उतरंड आहे. जो प्रश्न कमी कष्टात जास्त पर्याय उडवतो तो आधी. सगळे प्रश्न दर वेळी विचारायचे नसतात. चित्रांतला फरक ज्या प्रश्नाकडे बोट दाखवतो तोच उचलायचा.

सगळ्यात स्वस्त डोमेन. फलन कुठे अस्तित्वातच नाही? वर्गमुळात ऋण, छेदात शून्य, लॉगमध्ये शून्य किंवा ऋण, बस्स एवढंच पाहायचं. y = ln(x²) आणि y = 2 ln x ही जोडी पाहा. लॉगच्या नियमाने दोन्ही एकच असं मुलं म्हणतात, आणि x धन असेपर्यंत ते खरंही आहे. पण x² ला ऋण x चालतो, ln x ला चालत नाही. पहिल्याच्या आलेखाला y-अक्षाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची प्रतिबिंबं असलेल्या दोन फांद्या आहेत, दुसऱ्याला फक्त उजवी. परीक्षेत ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवतात आणि बीजगणितात पक्क्या असलेल्या मुलांनाच जास्त फसवतात, कारण ती आधी सोपं रूप देतात आणि मग डोमेन पाहतात. डोमेन नेहमी दिलेल्या रूपावरच पाहायचं.

डोमेननंतर x = 0 ची किंमत, मग रूट, मग दोन रूटांच्या मधलं चिन्ह. त्यानंतर सममिती: x च्या जागी −x घातल्यावर फलन तसंच राहिलं तर आलेख y-अक्षाभोवती सारखा, पूर्ण चिन्ह बदललं तर मूळबिंदूभोवती उलटा. या एका तपासणीत बऱ्याचदा दोन पर्याय जातात. त्यापुढे दोन प्रश्न येतात, ज्यांना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो: शून्याच्या अगदी जवळ फलन कशासारखं दिसतं आणि खूप दूर गेल्यावर कशासारखं दिसतं. ते एका जोड्या लावण्याच्या प्रश्नावर सविस्तर पाहू.

चार फलनं, चार चित्रं

फलनं अशी:

(अ) y = x/(1 + x²)

(ब) y = x·e^(−x²/2)

(क) y = |x|/(1 + x²)

(ड) y = x²/(1 + x²)

चित्रांत x-अक्षावर −4 ते 4 खुणा आहेत, y-अक्षावर आकडे नाहीत.

चित्र १: वक्र मूळबिंदूतून जातो. उजवीकडे वर उंचवटा, डावीकडे खाली तसाच खळगा. 3 च्या खुणेपाशी तो अक्षाला जवळजवळ चिकटलेला आहे.

चित्र २: संपूर्ण वक्र अक्षाच्या वर. मूळबिंदूपाशी वाटीसारखा गोल तळ, मग दोन्हीकडे चढत जाऊन हळूहळू आडवा होतो. कुठेही खाली वळत नाही.

चित्र ३: संपूर्ण वक्र वरच, पण मूळबिंदूपाशी टोकदार कोपरा. दोन्ही बाजूंना एकेक उंचवटा, मग सावकाश उतार.

चित्र ४: चित्र १ सारखंच, उजवीकडे उंचवटा, डावीकडे खळगा. पण 3 ला, अगदी 4 लासुद्धा वक्र अक्षापासून चांगला वर आहे.

आता तक्ता करून पाहा म्हणजे तो इथे किती कुचकामी आहे ते कळेल. x = 0 ला चारही फलनांची किंमत शून्य. x = 1 ला (अ), (क) आणि (ड) तिघांचीही किंमत अर्धा. शाळेतले सगळ्यात आवडते दोन आकडे घातले आणि हाती जवळजवळ काहीच आलं नाही.

त्याऐवजी चिन्ह आणि सममिती पाहू. (अ) आणि (ब) मध्ये वर एकटा x आहे आणि बाकी सगळीकडे x². म्हणून x चं चिन्ह बदललं की पूर्ण फलनाचं चिन्ह बदलतं. हे दोघे मूळबिंदूभोवती उलटे, म्हणजे चित्र १ आणि ४ मधले. (क) आणि (ड) कधी ऋण होऊच शकत नाहीत. ते २ आणि ३ मधले. प्रश्न दोन लहान प्रश्नांत फुटला. जोड्यांच्या प्रश्नात हे पहिलं पाऊल नेहमी असंच ठेवा. एकेक फलन पकडून चार चित्रांशी ताडत बसण्यापेक्षा एका प्रश्नाने फलनांचे आणि चित्रांचे दोन-दोन गट पाडा.

पुढे (क) की (ड)? चित्र २ आणि ३ मूळबिंदूपाशी वेगळी आहेत: एकात गोल तळ, दुसऱ्यात कोपरा. शून्याच्या जवळ फलन कशासारखं दिसतं हे काढायची रीत सोपी आहे. x फार लहान असताना मोठ्या संख्येत मिळवलेली लहान संख्या सोडून द्यायची. 1 + x² मध्ये x = 0.1 घातलं तर 1.01 येतं. ते 1 धरलं तरी काही बिघडत नाही. मग (क) शून्याजवळ |x| सारखा दिसतो, म्हणजे कोपरा. (ड) शून्याजवळ x² सारखा दिसतो, म्हणजे गोल तळ. (क) ला चित्र ३, (ड) ला चित्र २.

दुसऱ्या टोकाकडूनही हेच निघतं, आणि वेळ असेल तर ताळा म्हणून ते जरूर करा. x खूप मोठा झाला की 1 + x² मधला 1 सोडून द्यायचा. 100 चा वर्ग दहा हजार, त्यात 1 मिळवला न मिळवला सारखाच. मग (ड) चा वर-खालचा x² जवळपास कटतो आणि किंमत 1 कडे जाते. y = 1 ही त्याची आडवी असिम्प्टोट झाली, आणि चित्र २ मधला वक्र आडवा होतो तो तिच्याच दिशेने. (क) दूरवर 1/|x| सारखा होतो, म्हणजे शून्याकडे घसरतो. चित्र ३ तसंच आहे. लहानपणी मोठ्यातलं लहान टाकायचं आणि मोठेपणी वाढत्या पदापुढे न वाढणारं पद टाकायचं, या एका युक्तीवर परिमेय फलनांचे निम्मे प्रश्न सुटतात.

आता खरी कठीण जोडी, (अ) आणि (ब). शून्याजवळ दोघेही x सारखे दिसतात, कारण एकात छेद 1 होतो आणि दुसऱ्यात e चा घात शून्याकडे गेल्याने ते पदही 1 होतं. म्हणजे मूळबिंदूतून निघतानाचा उतार दोघांचा सारखाच. विकलज काढून पाहिलंत तर कळेल की उंचवटाही दोघांचा x = 1 लाच आहे. वळणाच्या जागेवरून ओळखू म्हणणाऱ्याची इथे पूर्ण निराशा होते. उंचवट्याची उंची वेगळी आहे, (अ) ची 0.5 आणि (ब) ची साधारण 0.61, पण y-अक्षावर आकडेच नाहीत, त्यामुळे ती वाचता येत नाही.

वर्गात एक मुलगी याच जागी थांबली होती. "सर, दोन ऑप्शन उरले, आता अंदाजाने टिक करू?"

"ते दोघे कुठे वेगळे आहेत ते आधी सांग बाय."

तिने चित्राकडे पाहिलं आणि शेपटीवर बोट ठेवलं. "इथे. हा लवकर खाली येतो."

मग तिथलीच किंमत काढायची. x = 3 घ्या. (अ) = 3/10 = 0.3. (ब) मध्ये घात −9/2, म्हणजे −4.5. कॅल्क्युलेटर नसला तरी चालतं: e म्हणजे 2.7 च्या आसपास, त्याचा चौथा घातच 50 च्या पुढे जातो, मग साडेचारावा त्याहून मोठाच. म्हणून (ब) ची किंमत 3/50, म्हणजे 0.06 पेक्षा कमी. प्रत्यक्षात ती साधारण 0.033 आहे.

राहिला आकड्यांविना अक्षाचा प्रश्न. y-अक्ष कितीही ताणला किंवा दाबला तरी एकाच वक्रावरच्या दोन उंचींचं गुणोत्तर बदलत नाही. (अ) मध्ये 3 ला असलेली उंची उंचवट्याच्या 60 टक्के आहे. (ब) मध्ये ती 6 टक्क्यांहूनही कमी आहे. चित्र ४ मधला वक्र 3 ला उंचवट्याच्या निम्म्याहून वर आहे, म्हणून तो (अ). चित्र १ मधला अक्षाला चिकटला आहे, म्हणून तो (ब). पट्टी लावून मोजायची गरज नाही, 60 आणि 6 मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

असं का होतं ते एकदा मनात बसलं की प्रत्येक वेळी गणित करावं लागत नाही. x चा कितीही मोठा घात घ्या, e चा ऋण घात दूरवर त्याला खाली ओढतोच. x⁵·e^(−x) सुद्धा उजवीकडे शेवटी शून्याला चिकटतो, फक्त आधी बराच वर जाऊन येतो. उलट 1/x च्या चालीने उतरणारा वक्र लांबपर्यंत रेंगाळत राहतो. शेपटी रेंगाळते की पटकन मिटते हे पाहणं म्हणजे घातांकी आणि परिमेय फलनं वेगळी करण्याची सर्वांत भरवशाची खूण.

मापांक कुठे लावला आहे

|f(x)| आणि f(|x|) यांचे आलेख एकमेकांच्या जागी ठेवणं ही काढणाऱ्यांची आवडती जागा. दोन्हीकडे प्रतिबिंब घेतलेलं असतं, पण वेगवेगळ्या आरशात.

f(x) = x² − 2x घ्या. हा वर तोंड असलेला पॅराबोला 0 आणि 2 ला अक्ष छेदतो आणि मधे 1 ला −1 पर्यंत खाली जातो. |f(x)| मध्ये मापांक बाहेर आहे, तो y वर चालतो. जे अक्षाच्या खाली होतं ते उचलून वर येतं. 0 ते 2 मधला खळगा 1 उंचीचा उंचवटा होतो, 0 आणि 2 ला कोपरे पडतात, डावी बाजू जशीच्या तशी राहते. अक्षाखाली काहीही उरत नाही.

f(|x|) मध्ये मापांक आत आहे, तो x वर चालतो. फलनाला ऋण x दिसतच नाही. उजवी बाजू तशीच ठेवायची, डावी पुसून टाकायची आणि तिच्या जागी उजवीचं प्रतिबिंब लावायचं. इथे x² − 2|x| येतं: −1 आणि 1 ला −1 खोलीचे दोन खळगे, मधे मूळबिंदूपाशी वर टोक असलेला कोपरा, आणि −2, 0, 2 ला अक्षाला भेट.

म्हणून पर्यायांत दोन गोष्टी पाहा. अक्षाखाली वक्र आहे का? असेल तर तो |f(x)| नाही. डावी-उजवी बाजू सारखी आहे का? नसेल तर तो f(|x|) नाही. कधी तिसरा पर्यायही टाकतात, |y| = f(x). त्यात f ऋण असेल तिथे काहीच नसतं आणि धन असेल तिथे वर आणि खाली दोन्हीकडे वक्र असतो. उभी रेषा त्याला दोनदा छेदते, म्हणून ते फलनच नव्हे.

भरतीचा आलेख

साइन-कोसाइनच्या प्रश्नात चार आकडे असतात: मधली रेषा, उंची, आवर्तन आणि सुरुवात. ते समजायला मांडवीचं पाणी बरं पडतं. पणजीला फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं राहिलं की दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी दिसते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे 12.4 तास. सरावासाठी एक सोपं रूप धरू:

h = 1.2 + 0.8·cos(2πt/12.4)

h मीटरमध्ये, t तासांत. मधली रेषा 1.2, तिच्यापासून वर-खाली 0.8. म्हणजे पाणी 2.0 पासून 0.4 पर्यंत फिरतं. ज्या पर्यायात वक्र शून्याखाली जातो तो बाद. t = 0 ला cos ची किंमत 1, म्हणून वक्र सर्वांत वरून सुरू व्हायला हवा. मधल्या रेषेवरून चढत निघालेला वक्र हा साइनचा, तोही बाद.

आता उरलेल्या दोन चित्रांत समजा एकात पहिली ओहोटी 6.2 तासांना आहे आणि दुसऱ्यात 12.4 ला. पूर्ण आवर्तन 12.4 तासांचं, त्याच्या निम्म्यावर ओहोटी, म्हणून 6.2 चं चित्र. मुलं इथे अडखळतात ती t च्या गुणकामुळे. 2π/12.4 म्हणजे जवळपास 0.5. अर्धा दिसला की आवर्तनही अर्धं झालं असं वाटतं. आतला गुणक 1 पेक्षा लहान असेल तर आलेख ताणला जातो, मोठा असेल तर आवळला जातो. cos 2x चं आवर्तन π आहे आणि cos(x/2) चं 4π. शंका आली तर नियम आठवत बसू नका. कंसातली राशी 2π केव्हा होते ते विचारा, उत्तर समोर येतं.

मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून खरा आलेख काढलात तर तो इतका सुबक येणार नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं-उतरतं. एका कोसाइनने ते सगळं पकडता येत नाही. तक्त्याचा आलेख समोर ठेवून त्यात एका कोसाइनपेक्षा काय वेगळं आहे ते मुलांना शोधायला लावावं, आवर्तन आणि उंची हे शब्द त्यातून पक्के होतात.

चित्र दिशाभूल करतं तिथे

छापील चित्रांत दोन्ही अक्षांचं माप सारखं असेलच असं नाही. y = x हा आलेख 45 अंशांत दिसेल असं गृहीत धरू नका. तिरपेपणावरून उतार ठरवायचा असेल तर आधी दोन्ही अक्षांवरच्या खुणा वाचा. खुणा नसतील तर उतारावरून निर्णय घेऊच नका. ओलांडणं, टेकणं, कोपरा, सममिती आणि वर पाहिलेलं उंचींचं गुणोत्तर, या गोष्टी माप बदलल्याने बदलत नाहीत. त्यांच्यावरच विसंबा.

दुसरी नजरचूक पोकळ वर्तुळाची. y = (x² − 4)/(x − 2) याला सोपं रूप दिलं की x + 2 येतं, पण x = 2 ला मूळ फलन नाहीच. आलेख सरळ रेषा आहे, फक्त (2, 4) या जागी छोटं पोकळ वर्तुळ. पर्यायांत एक अखंड रेषा, एक भोक असलेली रेषा आणि एक x = 2 ला उभी असिम्प्टोट असलेला वक्र ठेवलेला असतो. छेद शून्य झाला की असिम्प्टोट असतेच, ही समजूत इथे अडकवते. अंशही त्याच वेळी शून्य होत असेल तर आधी सामाईक अवयव काढून पाहा. कटल्यावर छेदात तो अवयव उरला नाही तर भोक, उरला तर असिम्प्टोट.

उभ्या असिम्प्टोटच्या दोन बाजूंचंही एक सांगतो. वक्र एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जातो की दोन्हीकडे वरच, हे छेदातल्या घातावरून ठरतं. 1/(x − 3) चिन्ह बदलतो, 1/(x − 3)² बदलत नाही. रूटपाशी ओलांडणं आणि टेकणं जसं घातावरून ठरतं, तोच सम-विषमाचा नियम इथे लागू होतो.

जेईई मेनमध्ये बरोबर पर्यायाला 4 गुण आणि चुकीच्याला वजा 1. दोन पर्याय उरले असताना अंदाजाने टिक करण्याआधी त्या दोघांचा फरक असलेली एक x शोधा आणि तिथलं फक्त चिन्ह काढा. त्याला बहुधा अर्धा मिनिटही लागत नाही. x निवडताना 0 आणि 1 टाळा, कारण काढणाऱ्यानेही ते आधीच पाहिलेले असतात आणि बरेचदा चारही वक्र मुद्दाम तिथून नेलेले असतात. −3, 1/2, 5 असे आकडे जास्त बोलके असतात.

सरावासाठी पुस्तकातले पर्याय संपले की स्वतः बनवा. जिओजेब्रा फोनवर फुकट चालतं. त्यात एखादं फलन टाकायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून तीन नकली फलनं टाकायची. वरची (ब) अशी टाइप करा:

```
f(x) = x * e^(-(x^2)/2)
g(x) = x / (1 + x^2)
```

घाताभोवतीचे कंस सोडू नका, नाहीतर 2 चा भागाकार घाताबाहेर जाऊन भलताच वक्र येऊ शकतो. दोन्ही वक्र एकाच पडद्यावर आले की फलनांची नावं लपवा, y-अक्ष ताणा, दाबा, आणि दर वेळी कोणता कुठला ते मित्राला ओळखायला सांगा. अक्ष कितीही ओढलात तरी 3 च्या खुणेपाशी एकाची शेपटी मिटलेली आणि दुसऱ्याची रेंगाळणारीच दिसेल.